फुगे, पाण्याची रात्र आणि हाकेला ओ

प्रश्न : लग्नाला अडीच वर्षे झाली. ठरवून झालेले लग्न. साखरपुड्यानंतर चार महिने आम्ही रोज रात्री दोन-दोन तास फोनवर बोलायचो. आता नवरा दुकानातून साडेनऊला येतो, जेवतो, मोबाईल बघतो, झोपतो. माणूस वाईट नाही. पाणी येते त्या रात्री तोच उठतो, घरखर्चाला कधी नाही म्हणत नाही. पण लग्नाच्या वाढदिवसाला काहीच केले नाही. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याने फुगे लावले, केक आणला, रील टाकले, ते बघून मी रात्रभर रडले. मी काही सांगायला लागले की नवरा ‘हं’ म्हणतो. सासूबाई म्हणतात, संसार असाच असतो. माझ्याच अपेक्षा जास्त आहेत का, की आमच्यात प्रेमच नाही? (वय 27, सोलापूर)

उत्तर :

तुमच्या लिहिण्यात दोन वेगवेगळी दुःखे एकमेकांत गुंतली आहेत. फुगे लागले नाहीत हे एक, आणि बोलायला लागले की ‘हं’ येते हे दुसरे. गेली बावीस वर्षे मी सोलापुरात विवाह समुपदेशन करते आहे. माझ्याकडे येणारी जोडपी पहिल्या दुःखाविषयी तासभर बोलतात आणि दुसरे जाता जाता एका वाक्यात सांगतात. माझ्या अनुभवात संसार पोखरते ते दुसरे. म्हणून पहिल्याविषयी मी थोडे लिहिते आणि दुसऱ्याविषयी सविस्तर.

चित्रपटातल्या प्रेमाने फारसे नुकसान होत नाही, असे मला वाटते. पडद्यावरची नायिका आपल्यापासून फार लांब असते, आणि तिची गोष्ट बहुधा लग्नापर्यंतच चालते. मिळवण्यात अडथळे असतात म्हणून ती गोष्ट रंगते. मिळाल्यानंतर रोज सकाळी डबा कोण भरणार, हा तिचा विषयच नसतो. रीलचे तसे नाही. माणूस स्वतःची तुलना आपल्यासारख्याच, आपल्या जवळच्या माणसांशी करतो, हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडले होते, आणि रील नेमके तिथेच लागते. मावसबहीण तुमच्याच वयाची, तुमच्यासारख्याच घरातली, कदाचित जुळे सोलापुरात राहणारी. तिच्या नवऱ्याने केले ते आपल्या नवऱ्याने का केले नाही, हा प्रश्न नायिकेला पाहून पडत नाही, बहिणीला पाहून पडतो. शिवाय असे एक रील तुम्ही शेवटपर्यंत पाहिले की पुढच्या पाच-सात रीलमध्ये तसेच नवरे समोर येतात, कारण तुम्ही जे थांबून पाहता तेच तुम्हाला अधिक दाखवायचे अशी त्या यंत्रणेची रचना असते. आठवडाभरात मनाची खात्रीच पटते की जगातले सगळे नवरे फुगे लावतात आणि एकटा आपलाच लावत नाही. बहिणीच्या घरातले तुम्ही अर्धा मिनिट पाहिले आहे आणि स्वतःच्या घरातले अडीच वर्षे. या दोन्हींना एका तराजूत घालता येत नाही.

मात्र रील पाहणे बंद करा, एवढे सांगून मी तुम्हाला परत पाठवणार नाही. कारण ते पाहून दुखले, तर ते कुठे दुखले हे शोधायला हवे.

सासूबाईंचे म्हणणेही तपासून घेऊ. ठरवून केलेल्या लग्नात प्रेम मागाहून आपोआप वाढते, असा आपल्याकडे दिलासा दिला जातो, आणि त्याला 1982 मध्ये जयपूरमध्ये झालेल्या एका अभ्यासाचा आधारही सांगितला जातो. उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी पन्नास दांपत्यांना प्रश्न विचारले होते. प्रेमविवाहात त्या प्रश्नांवर प्रेमाला मिळालेले गुण सुरुवातीला जास्त होते आणि वर्षांमागून कमी झालेले दिसले, तर ठरवलेल्या लग्नात ते हळूहळू वाढलेले दिसले. परंतु तो अभ्यास लहान होता, आणि अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय दांपत्यांविषयी 2012 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दोन्ही प्रकारच्या लग्नांत असा फरक आढळला नाही. तेव्हा ‘आपोआप’ हा शब्द मी सोडून देते. प्रेम वाढते तिथे दोघे रोज काहीतरी करत असतात. ते इतके बारीक असते की करणाऱ्यालाही त्याचे नाव सांगता येत नाही.

त्याला मी ‘हाक आणि ओ’ म्हणते. नवरा-बायको दिवसभरात एकमेकांना असंख्य लहान हाका मारत असतात, आणि त्यातल्या फार थोड्या नाव घेऊन मारलेल्या असतात. ‘आज किती उकडतंय ना’ ही हाक आहे. ‘बघा, मोगऱ्याला कळी आली’ ही हाक आहे. उसासा टाकून पाटावर बसणे, पाठ समोर करून ‘इथे जरा चोळ’ म्हणणे, दुकानातल्या एखाद्या गिऱ्हाइकाचा किस्सा सांगायला घेणे, या सगळ्या हाका आहेत. प्रत्येक हाकेचा अर्थ एकच असतो : मी इथे आहे, तुझे लक्ष आहे का? समोरच्याला तीनच गोष्टी करता येतात. तो ओ देतो, म्हणजे मान वर करून ‘हो गं, पंखाही गरम वारा टाकतोय’ एवढे तरी म्हणतो. किंवा त्याच्या कानावरून हाक जाते आणि तो ‘हं’ म्हणतो. किंवा तो खेकसतो. अमेरिकेतील सिॲटलमध्ये जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या अशा हाका चित्रफितींवरून मोजल्या आणि सहा वर्षांनी त्या जोडप्यांचे काय झाले ते पाहिले. ज्यांचे लग्न टिकले होते त्यांनी सुरुवातीच्या काळात शंभरातल्या सुमारे 86 हाकांना ओ दिली होती. जी वेगळी झाली त्यांनी सुमारे 33 हाकांना. हे आकडे परक्या समाजातले आहेत, आपल्या घराला लावायची ती उत्तीर्ण होण्याची रेघ नव्हे. परंतु त्यामागची गोष्ट मी इथे रोज पाहते. हाकेला ओ आली नाही की माणूस एकदा-दोनदा पुन्हा हाक मारतो आणि मग थांबतो. हाका थांबल्या की घरात भांडणही होत नाही. बाहेरून ते घर शांत दिसते.

साखरपुड्यानंतरचे ते चार महिने तुम्हाला इतके का आठवतात, तेही यातून उलगडते. तेव्हा फोन ही एकच वाट होती. बोलले नाही तर दुसरे काहीच नव्हते. त्यामुळे प्रत्येक हाकेला ओ येत होती, आणि हाक मारणारा आणि ओ देणारा दोघेही अंथरुणात, अंधारात, दुसरे कोणतेही काम नसताना बोलत होते. तो माणूस बदललेला नाही. त्याची ती रिकामी, अंधारी दोन तासांची जागा गेली. आपल्या शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे सासू-सासरे पुढच्या खोलीत झोपतात आणि स्वयंपाकघराला दार नसते, तिथे ती जागा लग्नानंतर कुणी मुद्दाम तयार करून देत नाही.

आता एका जोडप्याची हकीकत सविस्तर सांगते. ओळख पटेल असे सारे तपशील मी बदलले आहेत. जे घडले ते तसेच ठेवले आहे.

नवरा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागांवर देखरेख करणारा, वय 32. त्याआधी तो दहा वर्षे स्वतः माग चालवत असे. बायको बी.कॉम., घरी शिकवण्या घेणारी, वय 28. लग्नाला चार वर्षे, घरात सासूबाई. तिची तक्रार शब्दशः तुमचीच होती. फरक इतकाच की तिच्या नवऱ्याने ती ऐकून उपाय केला होता. तिच्या वाढदिवसाला त्याने हॉटेलात सजवलेले टेबल घेतले, फुगे, केक, गुलाबाच्या पाकळ्या, सारे मिळून साडेसहा हजार रुपये खर्च केले. रील झाले, बहिणींनी बदामाची चिन्हे पाठवली. तीन दिवस घर आनंदात होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती शिकवणीतल्या एका मुलाची गोष्ट सांगत असताना त्याने ‘हं’ म्हटले, आणि त्या रात्री पूर्वीपेक्षा मोठे भांडण झाले, कारण आता त्याच्या बाजूला ‘एवढे करूनही हिचे समाधान नाही’ हे वाक्य आले होते. माझ्याकडे ती दोघे आली तेव्हा तो खरोखर थकलेला होता, आणि तीही.

मी त्यांना एक आठवडा नोंद ठेवायला सांगितली. शाळेच्या वहीचे एक-एक पान पुरते. नियम एकच : प्रत्येकाने फक्त स्वतः मारलेली हाक लिहायची, समोरच्याची चूक लिहायची नाही. हाक काय, किती वाजता, घरात कुठे, आणि ओ आली का. दिवसभरात जमेल तेवढेच, झोपण्यापूर्वी पाच मिनिटांत. दुसऱ्याचे पान वाचायचे नाही. ती पाने माझ्यासमोर एकत्र उघडायची.

तिच्या पानावर सात दिवसांत 23 हाका होत्या. आठ हाकांना ओ आली होती, अकरांना ‘हं’ किंवा काहीच नाही, चारांना तो खेकसला होता. त्याच्या पानावर 14 हाका होत्या, आणि त्यांतल्या पाचांनाच ओ आली होती. ते पान वाचताना तिचा चेहरा उतरला. त्यातली एक नोंद अशी होती : बुधवार, रात्री साडेआठ, नव्या काठाचा टॉवेल दाखवला, ‘ठेवा तिथे’ म्हणाली. तिला ते आठवत होते. तो घरी येताना कारखान्यातून नमुन्याचा एक टेरी टॉवेल घेऊन आला होता, काठाला मोरपंखी आणि पिवळ्या दोऱ्याची बारीक नक्षी, जिची जुळणी करायला त्याला दोन दिवस लागले होते. त्याने तो उलगडून तिच्यासमोर धरला होता. ती त्या वेळी मोबाईलवर एक रील पाहत होती, ज्यात एक नवरा बायकोला डोळे मिटायला सांगून भेट देतो. तिने मान वर केली नाही. हे तिने स्वतःच सांगितले, आणि मग बराच वेळ तिघेही गप्प होतो.

पुरुषांच्या हाका अशा असतात, हे मला कळायला बरीच वर्षे लागली. ते ‘माझ्याशी बोल’ म्हणत नाहीत. ते टॉवेल दाखवतात, गाडीतून येणारा आवाज ऐकवतात, येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन येतात आणि ओट्यावर पुडी ठेवून उभे राहतात. ते उभे राहणे ही हाक असते.

दुसरी गोष्ट वेळ आणि जागा या रकान्यांतून सापडली. तिच्या ओ न आलेल्या पंधरा हाकांपैकी दहा तो घरी आल्यापासून जेवण होईपर्यंतच्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक तिने स्वयंपाकघरातून मारल्या होत्या. तो पुढच्या खोलीत, टीव्ही सुरू, वर पंखा, इकडे कुकर. मी त्याला सहज विचारले की कारखान्यातून आल्यावर कानात काही वाजते का. तो म्हणाला, ‘ते तर सगळ्यांनाच वाजतं, मॅडम. झोपल्यावर जातं.’ मी त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले.

धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये माणसाला माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. तिथे खुणांनी आणि ओठांवरून बोलतात. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज असेल तर कानाला धोका मानतात, आणि मागांच्या शेडमधला आवाज बहुधा त्याहून वरच असतो. या आवाजाने कान एकदम बहिरा होत नाही. आधी सुमारे 4,000 हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात. त्यामुळे कुणीतरी बोलते आहे हे कळते, पण स, श, त, क यांसारखी बारीक व्यंजने निसटतात आणि शब्द ओळखू येत नाही, विशेषतः बोलणारा पाठीमागे असेल आणि टीव्ही-पंखा सुरू असेल तेव्हा. अशा माणसाला पुनःपुन्हा ‘काय म्हणालीस?’ विचारायची लाज वाटते. तो ‘हं’ म्हणतो. या गृहस्थांची ऑडिओमेट्री झाली, म्हणजे बंद खोलीत कानावर यंत्र लावून कोणता स्वर किती हळू असताना ऐकू येतो ते तपासले गेले, आणि दोन्ही कानांच्या आलेखात नेमका त्याच उंच स्वरांपाशी खड्डा निघाला. गेलेले ऐकणे परत येत नाही. कारखान्यात कानात इअरप्लग घालून पुढचे नुकसान मात्र थांबवता येते. चार वर्षे ज्या ‘हं’ला ती बेपर्वाई समजत होती, त्यातला एक मोठा हिस्सा ऐकू न येण्याचा होता.

सगळा हिस्सा तो नव्हता, हेही सांगायला हवे. मोबाईल हातात असताना तिने समोर बसून मारलेल्या तीन हाकाही कोऱ्या गेल्या होत्या, आणि ते त्याने मान्य केले.

मग आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, तो आल्यावर अर्धा तास कुणी काही सांगायचे नाही. चहा, हातपाय धुणे, कान शांत होऊ देणे. दुसरी, हाक समोर येऊन मारायची, स्वयंपाकघरातून नाही. त्यानेही काही दाखवायचे असेल तर आधी तिला मोबाईल बाजूला ठेवायला सांगायचे आणि मगच टॉवेल उलगडायचा. तिसरी, जेवणानंतर दोघांनी पंधरा मिनिटे गच्चीवर जायचे, फोन खाली ठेवून. सासूबाईंना पहिले चार दिवस ते खटकले. पाचव्या दिवशी त्यानेच आईला सांगितले की डॉक्टरांनी कानाला शांतता द्यायला सांगितली आहे, आणि ते खोटे नव्हते.

सहा आठवड्यांनी पुन्हा एक आठवडा नोंद ठेवली. तिच्या 19 हाकांपैकी 14 हाकांना ओ आली होती, त्याच्या 17 पैकी 12 हाकांना. भांडणे संपली नाहीत. पैशावरून आणि तिच्या माहेरी जाण्यावरून ती होतच राहिली. पण त्या वर्षी कोजागिरीला ती दोघे सोलापूरहून तुळजापूरला चालत गेली, सुमारे 45 किलोमीटर, आणि परत आल्यावर तिने मला पायाचे फोड दाखवत सांगितले की सगळ्या वाटेवर तो तिच्या उजव्या बाजूने चालला, कारण त्याचा डावा कान थोडा बरा आहे.

आता तुमच्याविषयी. तुमचे पती दुकानात बसतात, त्यामुळे त्यांच्या कानात मागाचा खडखडाट नसेल. तरी प्रेम आहे की नाही हे ठरवण्यापूर्वी साध्या गोष्टी आधी पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगते : भूक, थकवा, हाक कुठून मारली, त्या वेळी दुकानाचा हिशेब डोक्यात होता का. दिवसभर गिऱ्हाइकाशी गोड बोलून आलेला माणूस साडेनऊला शब्दांनी रिकामा झालेला असतो. तिथे पहिला अर्धा तास सोडून देणे ही माघार नव्हे.

दुसरे, पाण्याच्या रात्रीविषयी माझे मत थोडे कठोर आहे. आपल्या शहरात पाणी तीन-चार दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा आणि भलत्या वेळी येते. रात्री दोनला उठून मोटर लावणारा, पिंप भरणारा माणूस काहीच करत नाही, असे म्हणणे अन्याय आहे. पण ‘बघ, तो पाणी भरतो, हेच प्रेम’ असे सांगून तुमचे तोंड बंद करणेही मला मान्य नाही. ते पाणी सगळ्या घराचे असते. मी एक कसोटी लावते : तुमच्या जागी दुसरी कुणी सून असती तरी त्याने हेच केले असते का? पिंप भरले असते. मग ते घराविषयीचे कर्तव्य झाले. मोलाचे, पण तुमच्या नावाचे नव्हे. मात्र तुमची कंबर दुखते हे लक्षात ठेवून त्याने न्हाणीघरातली बादली आधी भरून ठेवली असेल, किंवा मोटरच्या आवाजाने तुमची झोप मोडते म्हणून खोलीचे दार ओढून घेतले असेल, तर ते फक्त तुमच्यासाठी आहे. ते कदाचित होत असेल आणि तुम्ही झोपेत असल्यामुळे तुम्हाला दिसले नसेल.

हीच कसोटी फुग्यांना लावून पाहा. ते फुगे, ती पाकळ्यांची नक्षी, ‘डोळे मीट’ हे वाक्य, सारे कुणाच्याही बायकोला चालते. म्हणूनच ते दुकानात तयार मिळते. तुम्ही जे मागत आहात ते त्याहून अवघड आहे आणि त्याहून स्वस्तही : मी कोण आहे हे या माणसाने लक्षात ठेवावे. ही अपेक्षा जास्त नाही. माझ्या मते ती लग्नातली सर्वांत रास्त अपेक्षा आहे. तिचे रूप तेवढे रीलने चुकीचे दाखवले.

ती मागताना एक अडचण येते. सांगून मिळाले तर त्यात काय राहिले, त्याला आपणहून कळायला हवे, असे बहुतेक मुलींना वाटते. ही समजूत आपल्या मनात फार खोल रुजली आहे. कळते ते सवयीने आणि सांगण्याने. तेव्हा ‘तुम्ही माझ्यासाठी काही करत नाही’ असे म्हणू नका. त्याला त्यातून काय करावे हे कळत नाही आणि फक्त दोष ऐकू येतो. एक गोष्ट सांगा, करता येईल एवढी. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने नवऱ्याला म्हटले होते, ‘वाढदिवसाला मला काही नको, पण सकाळी घरातल्या सगळ्यांच्या आधी तुम्ही मला शुभेच्छा द्या.’ तो पहाटे पाचला उठून बसला होता. तुमच्या लग्नाच्या पुढच्या वाढदिवसाला तुम्हाला केक हवा असेल, तर तोही मोकळेपणाने मागा, त्यात कमीपणा नाही. फक्त तो कोपऱ्यावरच्या बेकरीतला चालेल की कसा हवा, ते आधी सांगा.

मी लिहिले ते एका ठिकाणी लागू पडत नाही. ‘हं’ म्हणणे वेगळे आणि शिक्षा म्हणून आठ-आठ दिवस अबोला धरणे वेगळे. चारचौघांत अपमान, तुमच्या फोनवर किंवा पैशावर पहारा, माहेरी बोलू न देणे, हात उगारणे, यांतले काही घडत असेल तर हाका मोजत बसू नका. तिथे तडजोडीचा प्रश्नच नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे आणि 181 या क्रमांकावर महिलांसाठी मदत मिळते. तुमच्या लिहिण्यात मला तसे काही दिसले नाही, तरी न लिहिलेलेही असू शकते, म्हणून सांगितले.

तसे नसेल, तर वही घ्या. नवरा तयार नसेल तर पहिला आठवडा एकट्यानेच नोंद ठेवा, आणि एक रकाना वाढवा : त्याने मारलेली हाक, जी मला आधी हाक वाटली नव्हती. दुकानातला किस्सा, पुडी, मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ तुमच्याकडे वळवणे. त्यांना ओ द्या आणि पुढे काय होते ते दोन आठवडे पाहा. महिनाभर तुम्ही ओ देत राहिलात आणि तुमच्या समोरून मारलेल्या हाका तरीही कोऱ्याच गेल्या, तर ती वही घेऊन कुणा समुपदेशकाकडे दोघांनी जावे. तिथे ‘तू कधीच ऐकत नाहीस’ याऐवजी दाखवायला तारीख आणि वेळ असेल.

आणि येत्या पाण्याच्या रात्री, तो उठला की तुम्हीही उठा. मदत करायला नको. मोटर सुरू असताना पिंप भरायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ तो पायरीवर एकटाच बसलेला असतो. घरातले सगळे झोपलेले असतात, दुकान बंद असते, अंधार असतो. साखरपुड्यानंतर तुम्ही ज्या वेळी बोलत होता, जवळजवळ तीच वेळ. दोन कप चहा घेऊन त्याच्या शेजारी बसा, आणि लग्नाच्या वाढदिवसाला तुम्हाला नेमके काय हवे होते, ते तेव्हा सांगा.